मदत हवी आहे: प्लॉटचा ३० वर्षांचा शोध कसा घ्यावा?

हवेली तालुक्यात दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट बघितलाय. इसार देण्याआधी दुय्यम निबंधकांकडे शोधासाठी अर्ज करायचाय. आपल्याकडे कर्नाटकसारखा तयार बोजा दाखला मिळत नाही, सूची क्र. २ वर्षागणिक चाळावी लागते, एवढं कळलंय.

ऑनलाइन ई-सर्चवर २००२ पासूनचे दस्त बघितले. गट नंबर टाकल्यावर दोन खरेदीखतं दिसली, पण मूळ सर्व्हे नंबर टाकल्यावर २००६ चं एक कुलमुखत्यारपत्रही निघालं! विक्रेते त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

आता प्रश्न असे. २००२ च्या आधीच्या शोधासाठी अर्जात गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही लिहायचे ना? हवेलीत दुय्यम निबंधक कार्यालयं वीसहून जास्त, मग जुनी पुस्तकं नेमकी कुठल्या कार्यालयात बघायची? ग्रास चलन वर्षांच्या हिशेबाने आधीच भरायचं का? आणि विक्रेत्याने मूळ खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल, पण त्याची नोटीस फाईल झालीच नसेल, तर ते शोधात दिसणार नाही. मूळ दस्त हातात घेऊन बघण्याशिवाय दुसरी खात्री काय?

सातबाऱ्याच्या इतर हक्कात सध्या काही नाही. कुणी हल्ली स्वतः शोध घेतला असेल तर सांगा. वकील करणारच आहे, पण आधी मला कळू दे.