मदत हवी आहे: दुकानाच्या पॉइंट योजनेचं ग्राहकांना द्यायचं पत्र

मिरजकर_किराणा
आमचं किराणा दुकान आहे. दसऱ्यापासून पॉइंट योजना सुरू करतोय. प्रत्येक बिलासोबत एक पत्र द्यायचं आहे. ते वाचून कुणाला फसवल्यासारखं वाटू नये, एवढीच इच्छा आहे. मसुदा असा:

"सस्नेह नमस्कार. दसऱ्यापासून प्रत्येक शंभर रुपयांच्या खरेदीला १ पॉइंट मिळेल. १ पॉइंट म्हणजे १ रुपया. ५० पॉइंट झाले की पुढच्या बिलातून तेवढे रुपये वजा होतील. पॉइंट एक वर्ष चालतील. तेल, साखर व दुधावर पॉइंट नाहीत. आपला मोबाइल नंबर द्यावा."

तेल-साखरेचं वाक्य कसं लिहू? आणि उधारीवाल्यांचं काय करू?

सुगरण_सांगली
तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते. आमच्या इथल्या एका दुकानात माझे साठलेले पॉइंट 'मुदत संपली' म्हणून गेले. आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि बिलावरही कधी शिल्लक छापली नाही.

मिरजकर_किराणा
ताई, मला तक्रार करायची नाही, मीच योजना काढतोय. पण शिल्लक बिलावर छापायचं नक्की करतो.

जुना_दुकानदार
तेल-साखरेचं वाक्य शेवटी ढकलू नका, दुसरं-तिसरं असू द्या आणि कारणासकट लिहा. साखरेवर शंभराला दोन-तीन रुपये सुटतात, त्यातला एक दिला तर उरतं काय? "या वस्तूंवर आम्हालाच फार थोडं सुटतं, म्हणून त्यांवर पॉइंट देता येत नाहीत," असं सरळ लिहिलं की लोक समजून घेतात.

खाली एक उदाहरण घाला, त्याने निम्मे प्रश्न मिटतात. महिन्याचं बिल ४,२०० रुपये, त्यात तेल, साखर, दूध १,३०० चं. उरले २,९००, म्हणजे २९ पॉइंट. दुसऱ्या महिन्यातही तेवढंच सामान नेलं तर ५८ होतात आणि तिसऱ्या महिन्याच्या बिलातून ५८ रुपये कमी.

मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. तुमचे रोजचे ग्राहक ८० रुपयांचं सामान नेत असतील, तर बिलागणिक हिशेब केल्यावर त्यांना एकही पॉइंट मिळणार नाही. महिनाभर येऊनही शून्य! शंभराच्या आतली रक्कम पुढच्या बिलात धरायला हवी. तसं सॉफ्टवेअरमध्ये होतं का ते आधी बघा, आणि होत असेल तर पत्रात ठळक लिहा.

आणि ५० ची अट पाहा. पॉइंट लागू होणाऱ्या वस्तू कुणी महिन्याला फक्त ४०० च्या नेत असेल, तर वर्षाचे ४८ होतात. ५० गाठायच्या आतच पहिले पॉइंट बाद होऊ लागतील. त्या घराला तुमची योजना कागदावरच राहील.

मिरजकर_किराणा
हे माझ्या लक्षातच आलं नसतं. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची बिलं तेवढीच असतात. अट २५ वर आणतो.

हिशेब_पक्का
पॉइंट वापरले की त्या रकमेवर वेगळा जीएसटी भरावा लागतो, तेही ग्राहकांना कळवा.

जुना_दुकानदार
वेगळा नाही. बिल करतानाच सूट दिली आणि ती बिलावर दाखवली, तर करपात्र रकमेतून ती वजा होते. मात्र सूट बिलावर लिहिलेली हवी, हातावर पैसे देऊन भागत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर बिलावर कर लावताच येत नाही, तेव्हा उलाढाल कशी दाखवायची ते आपल्या सीएंना विचारा. ग्राहकाच्या पत्रात यातलं काहीच नको.

उधारीचं म्हणाल तर पॉइंट पैसे जमा झाल्याच्या दिवशी द्या. माल परत आला तर त्याचे पॉइंट कमी होतील, हेही एका वाक्यात असू द्या.

सुगरण_सांगली
नंबर द्यायचा नसेल तर? मला नंतर जाहिरातींचे मेसेज येत राहतात.

जुना_दुकानदार
रास्त आहे. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक व्यवहार मंत्रालयानेही सांगितलं होतं की नंबरासाठी दुकानदारांनी अडून बसू नये. नंबराशिवाय सामान नेहमीसारखं मिळेल आणि नंबर फक्त पॉइंटसाठी वापरू, ही दोन्ही वाक्यं पत्रात हवीत. नंबर नको असणाऱ्यांना कार्ड द्या.

मिरजकर_किराणा
आता असं लिहिलंय:

"सस्नेह नमस्कार. दसऱ्यापासून आपल्या खरेदीवर शंभर रुपयांना १ पॉइंट, म्हणजे १ रुपया जमा होईल. तेल, साखर, दुधावर आम्हालाच फार थोडं सुटतं, म्हणून त्यांवर पॉइंट देता येत नाहीत. शंभराच्या आतली रक्कम वाया जाणार नाही, पुढच्या बिलात धरली जाईल. २५ पॉइंट झाले की बिलातून वजा करून घ्या. उधारीचे पॉइंट पैसे जमा झाल्यावर मिळतील, परत केलेल्या मालाचे कमी होतील. शिल्लक प्रत्येक बिलावर दिसेल. नंबर देणं ऐच्छिक आहे, तो फक्त पॉइंटसाठी वापरू. नको असल्यास कार्ड मागा."

खाली ४,२०० चं उदाहरण. मुदतीचं अजून ठरत नाही.

हिशेब_पक्का
मुदत हवीच. नाहीतर न वापरलेले पॉइंट म्हणजे तुमच्या डोक्यावरचं देणं, वाढतच जाणार.

सुगरण_सांगली
दरवेळी खरेदी केली की मुदत पुढे सरकू द्या. जो येतोय त्याचे का घालवायचे?

जुना_दुकानदार
ताईंचं पटतं. पण देणं किती साठतंय ते दर महिन्याला बघावं लागेल, आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरला जमतंय का ते तुम्हीच तपासा.