मदत हवी आहे: थ्रेशोल्ड वाढवला की सबथ्रेशोल्ड स्विंग बिघडतो का?

रातकिडा

तातडीची मदत हवी आहे. सोमवारी गाइडना आकडे दाखवायचे आहेत आणि तीन दिवस एकाच जागी अडकलो आहे.

एनमॉसची बंद अवस्थेतली गळती काढतोय, गेट शून्यावर ठेवून. थ्रेशोल्ड 0.30 व्होल्ट असताना 140 पिकोअँप आले. 0.45 केला तर 4 आले, आणि 0.60 केला तर 1.07. गाइड म्हणतात स्विंग 90 मिलिव्होल्ट प्रति डेकेड धर. मी उलट हिशोब केला तर पहिल्या दोन आकड्यांवरून 97 येतो, आणि पुढच्या दोनांवरून थेट 262! थ्रेशोल्ड वाढवल्याने स्विंग एवढा खराब होतो का? स्टँडबाय पॉवरचं अख्खं प्रकरण यावर उभं आहे.

चहाबाज

स्टँडबायला क्लॉक बंद केलंय का? पॉवर ही फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेजच्या वर्गावर जाते. क्लॉक निम्मं करा, पॉवर निम्मी. आम्ही कंपनीत हेच करायचो.

रातकिडा

क्लॉकच नाहीये हो. एकच ट्रान्झिस्टर आहे, डीसी स्वीप.

घाटमाथा

हा जीआयडीएल आहे, डोळे झाकून सांगतो. ड्रेनला पूर्ण व्होल्टेज, गेट शून्यावर, म्हणजे ड्रेनच्या काठावर टनेलिंग होणारच. थ्रेशोल्ड कितीही वाढवा, तो करंट तिथेच राहतो. आमच्या लॅबमध्ये खऱ्या वेफरवर रोज पाहतो. तुमचा स्विंग ठीक आहे, खालचा तळ वेगळा आहे.

सिलिकॉनताई

तळ वेगळा आहे इथपर्यंत घाटमाथा यांच्याशी सहमत. पण जीआयडीएल म्हणण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. सिम्युलेटर कोणता? ड्रेनला किती व्होल्ट आणि तापमान किती? आणि सर्वात महत्त्वाचं, करंट ड्रेनच्या व्होल्टेज सोर्सवरून वाचलाय की ट्रान्झिस्टरच्या सोर्स टर्मिनलवरून?

रातकिडा

`ngspice`, 45 नॅनोमीटरचं मॉडेल कार्ड, ड्रेन 1 व्होल्ट. तापमान काही दिलं नाही, म्हणजे 27 अंश. थ्रेशोल्ड `delvto` ने सरकवला. करंट ड्रेनच्या व्होल्टेज सोर्समधून वाचला. सोर्स आणि बॉडी ग्राउंडला. सोर्सचा वेगळा कशाला वाचायचा, तोच तर करंट आहे ना?

सिलिकॉनताई

तोच नाही, आणि गोम तिथेच आहे. ड्रेनमधून शिरलेला सगळा करंट सोर्सपर्यंत जात नाही. काही ड्रेनच्या जंक्शनमधून बॉडीत उतरतो.

आता तुमचे तीन आकडे घ्या आणि प्रत्येकातून 1 पिकोअँप वजा करा. 139, 3 आणि 0.07 उरतात. 139 ते 3 म्हणजे 46 पट. 3 ते 0.07 हेही जवळपास तितकेच पट. 150 मिलिव्होल्टला 90 ने भागलं की 1.67 डेकेड, म्हणजे 46 पट. तुमचे गाइड बरोबर आहेत आणि तुमचा स्विंग कुठेही बिघडलेला नाही. प्रत्येक आकड्यात कुणीतरी नेमका 1 पिकोअँप मिसळतंय.

ते कोण, तर `gmin`. गणित अडकू नये म्हणून सिम्युलेटर प्रत्येक जंक्शनला समांतर एक बारीक कंडक्टन्स जोडतो. त्याची मूळ किंमत 1e-12 असते. ड्रेन आणि बॉडीमध्ये 1 व्होल्ट, म्हणून 1 पिकोअँप. 140 मध्ये तो दिसत नाही, 4 मध्ये चौथा हिस्सा असतो, आणि 1.07 मध्ये जवळजवळ सगळा तोच असतो. शिवाय `abstol` ची मूळ किंमतही 1 पिकोअँपच असते, म्हणजे त्याखालच्या अचूकतेची हमी सिम्युलेटर देतच नाही. दोन्ही उतरवा आणि सोर्स टर्मिनलला शून्य व्होल्टचा एक व्होल्टेज सोर्स घालून तिथून करंट वाचा.

```
.options gmin=1e-15 abstol=1e-15
Vs s 0 0
.print dc i(Vs) i(Vd)
```

मोठ्या सर्किटला `gmin` इतका खाली नेलात तर कन्व्हर्जन्स फसू शकतो. एका ट्रान्झिस्टरला काही होत नाही.

घाटमाथा

वजाबाकी जमली म्हणून `gmin` सिद्ध होत नाही. जीआयडीएलही 1 पिकोअँप असू शकतो.

सिलिकॉनताई

रास्त शंका. बदल करण्याआधी दोन प्रयोग करा. गेट उणे 0.2 व्होल्टवर न्या. जीआयडीएल असेल तर करंट वाढेल, कारण ड्रेनच्या काठावरचं क्षेत्र तीव्र होतं. `gmin` ला गेटशी देणंघेणं नाही. मग गेट परत शून्यावर आणून ड्रेन अर्ध्या व्होल्टवर न्या. `gmin` असेल तर करंट जवळपास बरोबर निम्मा होईल. टनेलिंग इतकं सरळ रेषेत वागत नाही.

पाणंद

माझाही असाच त्रास आहे म्हणून विचारतो. शेतात ओलाव्याचा सेन्सर लावलाय, लॉजिक लेव्हल मॉसफेटने झोपेत सेन्सरचा पुरवठा तोडतो. झोपेत 5 मायक्रोअँप यायला हवेत, 60 येतात. दुपारी उन्हात आणखी वाढतात. ही स्विंगचीच भानगड का?

सिलिकॉनताई

पाणंददादा, कंट्रोलर झोपल्यावर त्याची पिन गेटला शून्यावर धरून ठेवते की मोकळी सोडते? मोकळी असेल तर गेट कुठेही तरंगतं. गेट शून्याऐवजी 0.3 व्होल्टवर बसलं, आणि स्विंग साधारण 100 धरला, तर गळती हजार पट. गेट ते सोर्स 1 मेगओहमचा रेझिस्टर लावून बघा आणि मग परत मोजा.

पाणंद

पिन इनपुट करून झोपवतो. म्हणजे मोकळीच. रविवारी लावतो.

निळावंती

स्विंग 60 मिलिव्होल्टच्या खाली न्यायचा असेल तर फिनफेट घ्या. 2012 मध्ये 22 नॅनोमीटरचे ट्राय-गेट चिप बाजारात आले ते यासाठीच. प्लेनर ट्रान्झिस्टरवर वेळ घालवू नका.

सिलिकॉनताई

फिनफेट 60 च्या जवळ नेतो, खाली नाही नेत.

सोर्समधले इलेक्ट्रॉन एका उंबरठ्याआड उभे असतात. सगळ्यांची ऊर्जा सारखी नसते. बहुतेक जण खाली असतात आणि थोडे वरच्या शेपटीत. ते उंबरठा ओलांडतात, म्हणून गेट बंद असतानाही करंट वाहतो. गेट उंबरठा वरखाली करतं, पण शेपटीचा उतार तापमान ठरवतं. 27 अंशांना 26 मिलिव्होल्ट गुणिले 2.3, म्हणजे 60. गेटने उंबरठा 60 मिलिव्होल्ट उचलला तर दहापैकी नऊ जण थांबतात, एक तरी जातोच. प्लेनरमध्ये गेटचा प्रत्येक मिलिव्होल्ट उंबरठ्यापर्यंत पोचत नाही, काही भाग खालच्या डिप्लीशनच्या कपॅसिटन्सवर खर्च होतो. रातकिडाच्या ट्रान्झिस्टरमध्ये दीड मिलिव्होल्ट दिला की उंबरठा एकच हलतो, म्हणून 90. फिनभोवती गेट तीन बाजूंनी असल्यामुळे ती उधळपट्टी थांबते. शेपटी मात्र तीच राहते. तिलाच कापायचं तर उंबरठ्यावरून उडी मारणारा ट्रान्झिस्टर सोडून टनेलिंगवर चालणारा घ्यावा लागतो, आणि त्याचा ऑन करंट तोकडा पडतो हा आजवरचा अडसर.

निळावंती

बरं, "जवळ" म्हणायला हवं होतं. पण रातकिडाला 90 वरून 65-70 वर येण्याचा फायदा होईलच.

रातकिडा

प्रयोग झाले. 0.60 वाल्यावर केले. गेट उणे 0.2 केलं तर करंट 1.00 वर सपाट. गेट शून्यावर आणून ड्रेन 0.5 केला तर 0.52. म्हणजे `gmin` च. दोन्ही ऑप्शन उतरवल्यावर आणि सोर्सवरून वाचल्यावर 139, 3 आणि 0.065 आले. स्विंग दोन्हीकडे 90. तीन दिवस मी स्विंगचा फॉर्म्युला चुकला म्हणून पुस्तकं उलटत होतो. ताई, मनापासून आभार.

आता पॉवरचा हिशोब असा धरू का? 1 कोटी गेट, प्रत्येकात एक ट्रान्झिस्टर बंद. 0.30 ला 1.39 मिलिअँप, 0.45 ला 30 मायक्रोअँप. 220 मिलिअँपतासाचा कॉइन सेल पहिल्यात साडेसहा दिवस जातो आणि दुसऱ्यात दहा महिने.

घाटमाथा

सपाट आलं, मग तुमच्या केसमध्ये `gmin`, मान्य. पण गाइडना 0.065 दाखवू नका. खऱ्या सिलिकॉनला तळ असतोच. जंक्शनची गळती, जीआयडीएल, गेट ऑक्साइडमधलं टनेलिंग. सोर्सवरून वाचलात की त्यातला मोठा भाग तुमच्या आकड्यातून गायब होतो, बॅटरीला मात्र तोही पुरवावा लागतो.

सिलिकॉनताई

हे अगदी बरोबर आहे आणि मी ते आधीच सांगायला हवं होतं. स्विंग काढायला सोर्सचा करंट, पॉवर काढायला ड्रेनचा, `gmin` उतरवून. गेटचाही वेगळा बघा. 0.45 पर्यंत सबथ्रेशोल्डच मोठा राहील असं वाटतं. 0.60 ला काय होईल ते मॉडेल कार्डातल्या जंक्शनच्या आकड्यांवर आहे, आणि ते आकडे प्रत्येक कार्डात काळजीपूर्वक बसवलेले असतीलच असं नाही.

रातकिडा, दहा महिन्यांवर इतक्यात खूश होऊ नका. चिप 85 अंशांना धरा. स्विंग केल्व्हिनच्या प्रमाणात वाढतो. 300 चे 358 झाले, तर 90 चे 107. थ्रेशोल्डही उतरतो, अंशाला साधारण 0.8 मिलिव्होल्ट धरले तर 45 च्या आसपास. दोन्ही मिळून तुमचे 3 पिकोअँप 50 च्या घरात जातात. दहा महिन्यांचे अठरा दिवस.

चहाबाज

बंद ठेवलेलं यंत्र 85 अंशांना कशाला जाईल?

पाणंद

माझी पेटी उन्हात हात लावू देत नाही. दिवसभर बंदच असते.

रातकिडा

`.temp 85` देऊन चालवलं. 0.45 ला 61 पिकोअँप आले, ताईंच्या हाताच्या हिशोबापेक्षा जास्त. `i(Vs)` आणि `i(Vd)` दोन्ही जवळपास सारखे आहेत, म्हणजे जंक्शन नाही. थ्रेशोल्ड मॉडेलमध्ये अंशाला 0.8 पेक्षा जास्त उतरतोय का हे कसं वेगळं काढू?

सिलिकॉनताई

27 आणि 85 दोन्हीला पूर्ण गेट स्वीप घ्या, करंट लॉग स्केलवर. आधी 85 चा उतार मोजा, 107 येतो का बघा. तो जुळला तर एकाच करंटला, समजा 100 नॅनोअँपला, दोन्ही वक्रांमधलं आडवं अंतर मोजा आणि 58 ने भागा. उतार जुळला नाही तर आलेला आकडा इथे टाका. आणि गाइडना विचारा, स्टँडबायचा आकडा त्यांना कोणत्या तापमानाचा हवाय.

रातकिडा

तापमानाबद्दल ते अजून काहीच बोललेले नाहीत. मेल केलाय.