मदत हवी आहे: ऑफिस हलवण्याच्या वेळापत्रकात इंटरनेटच्या जोडणीचे दिवस किती धरावेत?

जळगावात नवी पेठेतील आमचे छोटे कर सल्ला कार्यालय रिंग रोडवरील गाळ्यात हलवायचे असून त्याचे वेळापत्रक मी क्रिटिकल पाथ पद्धतीने मांडत आहे. वायरिंगला ४ दिवस, त्यानंतर पुट्टी व रंगकामाला ३ (इथल्या उन्हात भिंती लवकर वाळतात, तेवढीच सोय), मग टेबले व पार्टिशन बसवायला २ दिवस, अशी ९ दिवसांची साखळी होते आणि दहाव्या दिवशी संगणक जोडून काम सुरू करता येते. इंटरनेटचा अर्ज पहिल्याच दिवशी केला, तर बहुधा ७ दिवसांत जोडणी मिळेल. म्हणजे त्या कामाला २ दिवसांची सवड आहे आणि ते क्रिटिकल पाथवर येत नाही.

अडचण अशी की ही जोडणी ५ दिवसांतही होऊ शकते आणि १५ दिवसही लागू शकतात. पर्ट पद्धतीने (५ + ४ × ७ + १५) / ६ असा हिशेब केल्यास ८ दिवस येतात आणि सवड कागदावर १ दिवस उरते. प्रत्यक्षात मात्र १५ दिवस लागले तर संगणक सोळाव्या दिवसापर्यंत अडून राहतील. सरासरीवर विसंबणे मला पटत नाही, पण सरसकट १५ दिवस धरले तर इंटरनेटच क्रिटिकल पाथ ठरून रंगकामाला ६ दिवसांची खोटी सवड दिसते.

अशा वेळी अर्ज काम सुरू होण्याच्या ६ दिवस आधी करावा, की संगणकांची मांडणी आणि इंटरनेट ही दोन स्वतंत्र कामे दाखवून तोवर मोबाईल डेटावर भागवावे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.