डाव्या अर्धप्रतलात असणे पुरेसे नाही

"सगळे पोल आणि झिरो डाव्या अर्धप्रतलात असतील, तर इम्पिडन्स Z(s) हा R, L, C वापरून बनवता येईलच ना?"

नाही, तेवढ्याने भागत नाही. Z(s) = (s² + s + 6)/(s² + s + 1) घ्या. त्याचे पोल −0.5 ± j0.87 येथे आणि झिरो −0.5 ± j2.40 येथे आहेत, म्हणजे सगळे डावीकडेच आहेत. पण s = jω ठेवून वास्तव भाग काढला, तर त्याचा अंश ω⁴ − 6ω² + 6 येतो आणि ω² = 3 असताना वास्तव भाग −3/7 भरतो. त्या वारंवारतेला हे मंडल स्रोताकडून शक्ती घेण्याऐवजी स्रोतालाच पुरवू लागेल, आणि निष्क्रिय घटकांना ते शक्य नाही.

येथे झिरो पोलांपासून फार दूर गेले आहेत. 6 च्या जागी 4 घेतल्यास अंश (ω² − 2)² होतो, जो शून्याला टेकतो पण ऋण होत नाही. त्यामुळे 4 हीच येथील कमाल मर्यादा आहे. मात्र या सीमेवरच्या फलनासाठी ब्रून यांच्या 1931 च्या पद्धतीत युग्मित वेटोळी लागतात, आणि ती टाळण्याचा मार्ग बॉट व डफिन यांनी 1949 मध्ये, अधिक घटक खर्ची घालून, दाखवला.