मदत हवी आहे: एफडीवर ओडी घेतलं, भाच्याने दोन्ही व्याजं एकमेकांत वजा केली. बरोबर आहे का?

तिखटमीठ
माझा मिरची कांडप आणि मसाल्याचा छोटा धंदा आहे, माझ्याच नावावर. बँकेत ८ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. जानेवारीत ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची भरायची होती. एफडी मोडायचं जिवावर आलं, म्हणून तिच्यावर ८ टक्क्यांनी ओडी घेतलं. १ जानेवारीला ६ लाख उचलले, ते ३१ मार्चला तसेच बाकी होते. महिन्याचं व्याज महिन्याला भरलं, तीन महिन्यांचं मिळून ११,८३६.

एफडीचं वर्षाचं व्याज ५६,०००. त्यातून ५,६०० टीडीएस गेला. भाचा बीकॉम आहे, टॅली तोच बघतो. त्याने एफडी २ लाखच दाखवली (८ वजा ६) आणि व्याजाचं उत्पन्न ४४,१६४. म्हणतो, "मावशी, बँक तीच, पैसे तेच." मला काही पटेना. पावती तर माझ्या कपाटात ८ लाखांचीच आहे.

निवांत
एफडी मोडून टाका हो. सात घ्यायचे आणि आठ द्यायचे, हा कुठला व्यवहार?

तिखटमीठ
ते नाही विचारलं दादा. मिरची दिवाळीपर्यंत विकली की ओडी फिटतं. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याजदर कापतात.

जमाखर्च
ताई, पावती कपाटात ८ लाखांची आहे ना? मग ताळेबंदातही ८ लाखच. बँकेने तिच्यावर लीन लावलंय म्हणजे ओडी फिटेपर्यंत मोडता येणार नाही, एवढंच. मालकी तुमचीच. ओडीचे ६ लाख देण्याच्या बाजूला, बँक ओडीखाली. मिरची जेवढी शिल्लक असेल तेवढी स्टॉकमध्ये.

व्याजाचंही तसंच. ५६,००० पूर्ण उत्पन्नात, इतर उत्पन्नाच्या सदरात. खात्यात ५०,४०० च आले म्हणून तेवढेच लिहू नका. ५,६०० टीडीएस येणे म्हणून दाखवा, रिटर्नमध्ये त्याची वजावट मिळते. ओडीचं व्याज धंद्याच्या खर्चात.

कराडकर_काका
पण शेवटी बेरीज तीच येते की! खर्चात ११,८३६ टाकले काय आणि उत्पन्नातून वजा केले काय, करपात्र रक्कम एकच. पोरगं अगदीच चुकलेलं नाही.

जमाखर्च
काका, धंद्याचा नफा प्रत्यक्ष हिशेबावर काढत असतील तर बेरीज जुळते, कबूल. तरी बँकेने पॅनवर ५६,००० कळवलेत, एआयएसमध्ये तेच दिसणार. रिटर्नमध्ये ४४,१६४ दिसले की फरकाची विचारणा येऊ शकते. आणि एफडी तारण ठेवून काढलेल्या कर्जाचं व्याज एफडीच्या व्याजातून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गोपीनाथन खटल्यात सांगितलंय. कर्ज ते व्याज मिळवायला काढलेलं नसतं ना. तुमचं मिरचीला काढलंय, म्हणून ते मिरचीच्या खर्चात.

ताई, दोन गोष्टी सांगा. सहाच्या सहा लाख मालालाच गेले का? आणि रिटर्न कोणतं भरता?

तिखटमीठ
५ लाख मिरचीला. १ लाख मुलीच्या होस्टेलला आणि फीला दिले, खोटं कशाला बोलू. रिटर्न आयटीआर-४, विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवतो. विक्री जवळपास सगळी रोखीची.

जमाखर्च
मग काकांची बेरीजही जुळत नाही. ८ टक्के अंदाजी नफ्यात सगळे खर्च आलेच, व्याजसुद्धा. ओडीचं व्याज वेगळं वजा होणार नाही. म्हणजे भाच्याने ११,८३६ उत्पन्न कमी दाखवलंय.

पुढे कधी प्रत्यक्ष नफ्यावर गेलात, तरी होस्टेलच्या लाखाचं व्याज धंद्याला लागणार नाही. सहातला एक भाग, साधारण १,९७३ रुपये. ते तुमच्या उचल खात्याला, खर्चात ९,८६३ च. यापुढे घरखर्चाला ओडीतून काढूच नका, दोन्ही पैसे मिसळले की वेगळे करणं अवघड जातं.

हळदकुंकू
माझी केस जरा वेगळी. एफडी सासऱ्यांच्या नावावर, ओडी माझ्या दुकानाला. मीही एफडी माझ्या ताळेबंदात दाखवू का?

जमाखर्च
नको. ती सासऱ्यांची मालमत्ता, व्याजही त्यांच्याच उत्पन्नात. तुमच्या पुस्तकात फक्त ओडी.

ताळेबंद_७४
ताईंची एफडी तरी धंद्याच्या पुस्तकात हवी का? घरच्या बचतीची असेल तर मी बाहेरच ठेवतो. नाहीतर भांडवल उगाच फुगतं.

जमाखर्च
मी आत घेतो. ओडी पुस्तकात आणि त्याचं तारण बाहेर, असं ठेवलं तर पुढच्या कर्जाच्या वेळी बँकवाला ६ लाखांचं देणंच बघतो. बाहेर ठेवणारेही सीए आहेत, नाही म्हणत नाही.

तिखटमीठ
एफडी सोन्याची चेन विकून केलेली. आत की बाहेर, ते रविवारी भाच्याला घेऊन ठरवते. रिटर्न अजून भरलेलं नाही, ते बरं झालं. व्याजाचे ५६,००० आत्ताच दुरुस्त करायला सांगितलेत. "मावशी, कोणी शिकवलं?" म्हणून विचारतोय.