उधारीची बिलं ३०-६०-९० दिवसांत कशी लावायची? (एक्सेल २०१०, बजेट शून्य)

चोपड्याचा_पाइपवाला
नमस्कार मंडळी. ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे. यावल-रावेरकडच्या दुकानदारांना माल उधारीवर जातो. त्यांच्याकडे केळीचा पैसा आला की आमच्याकडे येतो. थकलेली दोनेकशे बिलं शीटमध्ये आहेत. A मध्ये पार्टी, B मध्ये बिलाची तारीख, C मध्ये मुदतीचे दिवस, D मध्ये बाकी. सीसी कर्जाच्या रिन्यूअलसाठी बँकेने ३१ मार्च २०२५ची यादी गटवार मागितली आहे. IF च्या आत IF घालून माझंच डोकं फिरलं. सोपा उपाय सांगा, पैसे खर्च करायचे नाहीत.

भुसावळचा_राजा
टॅली घ्या, विषय संपला. आउटस्टँडिंगमध्ये एफ६ दाबलं की वयवार यादी समोर. मी घेतलं, आता मुनीमसुद्धा माझ्याकडे आदराने बघतो.

चोपड्याचा_पाइपवाला
राजाभाऊ, बजेट शून्य लिहिलंय ना.

अमळनेरी_दादा
VLOOKUP लावा. बाजूला 0, 30, 60, 90 असा तक्ता करा आणि शेवटी FALSE लिहा. TRUE लिहू नका, माझ्या रेटलिस्टमध्ये त्याने एकदा भलताच भाव उचलला होता.

धुळ्याची_हिशेबनीस
दादा, रेटलिस्टला FALSE बरोबरच आहे. इथे मात्र २४ दिवस तक्त्यात सापडणारच नाहीत, जवळपास सगळीकडे #N/A येईल. TRUE दिलं की तो २४ किंवा त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा आकडा धरतो. फक्त तक्ता चढत्या क्रमाने हवा. आणि 30 पासून गट सुरू केलात तर बरोबर ३० दिवसांचं बिल पुढच्या गटात जातं, म्हणून 31 लिहा.

J1 मध्ये ३१ मार्चची तारीख टाका. TODAY() नको, नाहीतर बँकेत दिलेला कागद आणि शीट दुसऱ्या दिवशी जुळणार नाहीत. L2 ते L6 मध्ये -9999, 1, 31, 61, 91 आणि समोर M मध्ये गटांची नावं: मुदत बाकी, ३० पर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत, ९० च्या वर. मग E2, F2, G2 मध्ये अनुक्रमे:

```
=B2+C2
=$J$1-E2
=VLOOKUP(F2,$L$2:$M$6,2,TRUE)
```

५ फेब्रुवारीचं बिल, ३० दिवसांची मुदत. मुदत ७ मार्चला संपली, ३१ मार्चला २४ दिवस वर झाले. गट '३० पर्यंत'.

भुसावळचा_राजा
टॅलीत हे सगळं आपोआप होतं.

शिरपूरचा_आप्पा
मन्हं तं वहीमाच बरं शे. लाल पेननं गोल मारा, देनारा देस, बुडवनारा बुडवस.

नंदुरबार_ट्रेडर्स
४५ दिवसांच्या वर कोणी थकवूच शकत नाही, कायदा आहे. थेट नोटीस पाठवा.

धुळ्याची_हिशेबनीस
तो कायदा सूक्ष्म-लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांच्या पैशासाठी आहे. हे तर माल आणून विकतात. आणि प्रश्न यादीचा आहे, वसुलीचा नाही.

चोपड्याचा_पाइपवाला
ताई, जमलं! पण बऱ्याच ओळींत #VALUE! आहे. आणि ते ५ फेब्रुवारीचंच बिल 'मुदत बाकी'त दिसतंय, F मध्ये -62.

अमळनेरी_दादा
बघा, मी म्हटलं होतं TRUE नको.

धुळ्याची_हिशेबनीस
दोष TRUE चा नाही, तारखेचा आहे. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकन असणार. 05/02 ला तो २ मे समजला, मुदत १ जूनला गेली, म्हणून उणे ६२. 15/02 सारख्या तारखेत पंधरावा महिना नसतो, म्हणून ती अक्षरं होऊन सेलच्या डावीकडे चिकटते आणि #VALUE! देते. #VALUE! निदान ओरडतो तरी. उलटलेली तारीख गपचूप बसते. त्यात आपली -9999 ची ओळ #N/A झाकते, म्हणजे तेवढी खूणही जाते.

B मध्ये ३१ मार्चनंतरची तारीख दिसली की ती उलटलेली समजा, पण एवढ्याने सगळ्या सापडत नाहीत. 03/02 उलटून २ मार्च होते, ती मार्चच्या आतच राहते. बिल नंबराने सॉर्ट करा. जिथे तारीख मध्येच पुढे उडी मारून परत मागे येते तिथे गडबड. आधी रीजन इंग्लिश (इंडिया) करा आणि मूळ फाइलमधून यादी पुन्हा आणा. डावीकडच्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्स, DMY ने सुधारतील. उलटलेल्या मात्र त्याने सुधारतीलच असं नाही.

नंदुरबार_ट्रेडर्स
हेच सांगायला आलो होतो, रीजन बदला.

रावेरची_केळी
आणि जो बिल नंबर न सांगता दहा हजार टेकवून जातो, त्याचं काय? आमचा अर्धा तंटा तिथेच.

चोपड्याचा_पाइपवाला
केळीताई, आमच्याकडेही तेच, तूर्त सगळ्यात जुन्या बिलातून वजा केलंय. पार्टीला मान्य आहे की नाही, देव जाणे.

यादी पुन्हा आणली, ते बिल २४ दिवसांवर आलं. पण आबा म्हणाले, बिल फाडलं त्या दिवसापासून मोज, मुदतबिदत आपल्या घरची. मग E रिकामा केला, F2 मध्ये `=$J$1-B2`. तेच बिल आता ५४ दिवसांचं, '६० पर्यंत'च्या गटात.

धुळ्याची_हिशेबनीस
अहो, निदान बँकेला फोन करून विचारा, त्यांना कुठली तारीख हवी आहे ते! ९० च्या वरची रक्कम ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे बँकेतून उचलता येणाऱ्या रकमेतून, गेली तर आबा काय म्हणतील?

चोपड्याचा_पाइपवाला
आबांना कोण सांगणार, ताई. प्रिंट काढून ते केव्हाच बँकेत गेलेत.