मदत हवी आहे: माइल्ड स्टीलच्या शेवटच्या कटला किती डेप्थ आणि फीड ठेवावे?

40 मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार 36 मिलिमीटरपर्यंत टर्न करायचा आहे. काम 120 मिलिमीटर लांब असून एका टोकाला चक आणि दुसऱ्या टोकाला रिव्हॉल्व्हिंग सेंटर आहे. रफिंगची अडचण नाही. मात्र दीड मिलिमीटरपेक्षा जास्त डेप्थ दिल्यास बेल्ट घसरतो.

अडचण शेवटच्या कटची आहे. 0.1 मिलिमीटर डेप्थ आणि 0.1 फीड दिल्यावर पृष्ठभाग ओरखडल्यासारखा, निस्तेज येतो. एचएसएस टूलने 250 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला सुमारे 28 मीटर कटिंग स्पीडला, टोकावर धातूचा कण चिकटलेला दिसला. कूलंट सुरू होते, टूल नव्याने घासले होते आणि सेंटर हाइटही तपासली होती. नंतर 0.8 नोज रेडियसचा कार्बाइड इन्सर्ट लावून 800 आरपीएम ठेवले. लेथचा वेग याहून वाढत नाही आणि 36 व्यासाला कटिंग स्पीड मिनिटाला जेमतेम 90 मीटर होतो. कण चिकटणे थांबले, परंतु 0.1 डेप्थला टूल कापण्याऐवजी घासते, अशी शंका आहे.

अशा वेळी याच इन्सर्टने शेवटच्या कटसाठी अर्धा मिलिमीटर राखावा, की 0.4 रेडियसचा इन्सर्ट घ्यावा, आणि त्यासोबत फीड किती ठेवावे?